आडव्या अक्षावर कोणते औषध आहे? डोस-रिस्पॉन्स वक्र वाचायला शिकताना आलेला अनुभव

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत आलेखावरचा एक प्रश्न होता. हृदयाच्या अलिंदाचा तुकडा ठोके देत ठेवलेला आहे, त्यावर आयसोप्रिनालिनचा डोस वाढवत नेला आहे आणि ठोक्यांमधील वाढ टक्क्यांत मांडली आहे, अशी ती आकृती होती. एक वक्र एकट्या आयसोप्रिनालिनचा होता. दुसऱ्या वक्राच्या वेळी ‘फ’ हे औषध ठरावीक मात्रेत आधीच घातलेले होते. हा वक्र शून्यापासून निघून उजवीकडे सरकला होता, पण शेवटी 100 टक्क्यांपर्यंत पोहोचत होता. तिसऱ्याच्या वेळी ‘प’ हे औषध घातलेले होते. तो वक्र शून्याऐवजी सुमारे 27 टक्क्यांवरून सुरू होत होता, मधल्या भागात पहिल्या वक्राच्या उजवीकडे जात होता आणि शेवटी त्याच माथ्याला टेकत होता. दोन्ही औषधे ओळखायची होती. वक्र उजवीकडे गेला म्हणजे आयसोप्रिनालिनची एफिकसी, म्हणजे जास्तीत जास्त परिणाम घडवण्याची ताकद, कमी झाली असे समजून मी ‘फ’ला नॉन-कॉम्पिटिटिव्ह ब्लॉकर ठरवले, आणि कमी डोसला परिणाम जास्त दिसतो म्हणून ‘प’ आयसोप्रिनालिनचा परिणाम वाढवते असे लिहिले. दोन्ही उत्तरे चुकली.

उत्तरपत्रिका दाखवायला गेलो तेव्हा मॅडमनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी विचारले, “आडव्या अक्षावर कोणते औषध आहे, ते आधी सांग.” मी म्हणालो, “मॅडम, ‘प’ आणि ‘फ’.” त्यांनी आकृतीच्या तळाशी बोट ठेवले. तिथे स्पष्ट लिहिले होते: आयसोप्रिनालिन, लॉग डोस. म्हणजे वाढत जाणारे औषध एकच होते आणि ‘प’ व ‘फ’ त्या वक्राच्या संपूर्ण लांबीभर एकाच मात्रेत स्थिर होते. मी वक्राच्या चढाला ‘प’चा परिणाम समजत होतो, प्रत्यक्षात ‘प’चा स्वतःचा परिणाम फक्त सुरुवातीच्या त्या 27 टक्क्यांत दिसत होता.

त्यानंतर त्यांनी मला बटर पेपर आणायला सांगितला. आलेखावर तो ठेवून एकट्या ॲगोनिस्टचा, म्हणजे रिसेप्टरला चिकटून परिणाम घडवणाऱ्या औषधाचा, वक्र पेन्सिलीने गिरवायचा आणि मग कागद फक्त आडवा सरकवून दुसऱ्या वक्रावर बसतो का ते पाहायचे, एवढेच काम होते. पहिला सराव सोपा होता: गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर कार्बाकॉल, आणि ब्लॉकर म्हणून ॲट्रोपिन. कार्बाकॉलचा निम्म्या परिणामाचा डोस 100 नॅनोमोलर होता, आणि 10 नॅनोमोलर ॲट्रोपिन घातल्यावर तो 1100 नॅनोमोलर झाला. बटर पेपरवरची रेघ उजवीकडे सरकवली तेव्हा ती पायापासून माथ्यापर्यंत दुसऱ्या वक्रावर तंतोतंत बसली. तंतोतंत बसण्याचे कारण लॉग अक्षात आहे. ब्लॉकरमुळे प्रत्येक पातळीला लागणारा डोस अकरापट होतो, आणि लॉग अक्षावर अकरापट म्हणजे कुठेही मोजले तरी एकच अंतर, दहापटीच्या एका घराहून किंचित जास्त. साध्या अक्षावर 10 ते 110 हे अंतर आणि 1000 ते 11000 हे अंतर सारखे नसते, त्यामुळे तिथे हेच वक्र समांतर दिसणार नाहीत. प्रश्नातील अक्ष लॉगचा आहे की साधा, हे पाहिल्याशिवाय ‘समांतर’ हा शब्द वापरू नये, हे मला तेव्हा कळले.

डोस किती पट वाढवावा लागला त्यावरून ब्लॉकरची पकड काढता येते. गॅडम यांनी 1937 मध्ये मांडलेले नाते असे आहे:

dose ratio = 1 + [B]/KB

यात [B] म्हणजे ब्लॉकरची मात्रा, आणि KB म्हणजे ज्या मात्रेत ब्लॉकर एकटा निम्मे रिसेप्टर व्यापतो ती मात्रा. KB जितका कमी, तितकी पकड घट्ट. मी घाईत 10 ला 11 ने भागले आणि KB 0.9 नॅनोमोलर काढला. मॅडमनी तो 1 कुठे गेला असे विचारले. ब्लॉकर अजिबात नसेल तर डोस एकपटच लागतो, वक्र जागचा हलत नाही. तो 1 या मूळ स्थितीचा आहे आणि ब्लॉकरचे काम त्याच्यावरच्या 10 मध्ये आहे. म्हणून 10 भागिले 10, म्हणजे KB 1 नॅनोमोलर. मग त्यांनी ताळा करायला सांगितला: ॲट्रोपिन 3 नॅनोमोलर असेल तर डोस चौपट, म्हणजे 400 नॅनोमोलर लागायला हवा, आणि 30 नॅनोमोलर असेल तर 3100. आकृतीतील बाकीचे दोन वक्र नेमके तिथेच होते. ब्लॉकरच्या अनेक मात्रांवर हा हिशेब टिकतो का, याची आलेखावर तपासणी करण्याची पद्धत अरुणलक्षणा आणि शिल्ड यांनी 1959 मध्ये मांडली. मला मात्र तिची खरी किंमत पुढच्या एका प्रश्नात समजली.

आता ‘फ’ उघड होते. कागद सरकवला की रेघ पूर्ण बसत होती, माथा कायम होता, म्हणजे माझी ‘एफिकसी कमी झाली’ ही समजूतच चुकीची होती. आयसोप्रिनालिनची ताकद तीच होती, फक्त ती दाखवण्यासाठी जास्त डोस लागत होता. ‘फ’ हे प्रोप्रॅनोलॉल होते, म्हणजे त्याच रिसेप्टरांसाठी आयसोप्रिनालिनशी स्पर्धा करणारे कॉम्पिटिटिव्ह ब्लॉकर.

‘प’वर मात्र कागद कसाही सरकवला तरी बसेना. माथा जुळवला की पाया सुटायचा. त्या प्रश्नाला एक चौथा वक्र होता, ज्याकडे मी परीक्षेत दुर्लक्ष केले होते: आयसोप्रिनालिनशिवाय एकट्या ‘प’चा. तो 30 टक्क्यांवर सपाट होत होता. म्हणजे ‘प’ पार्शल ॲगोनिस्ट होते आणि त्याने सगळे रिसेप्टर व्यापले तरी परिणाम 30 टक्क्यांच्या पुढे जात नव्हता.

तरीही जे औषध स्वतः परिणाम घडवते, ते दुसऱ्याला अडवते कसे, हे मला पटत नव्हते. म्हणून त्या रात्री वसतिगृहात मी आकडेमोड करून पाहिली. सोयीसाठी असे धरले की व्यापलेल्या रिसेप्टरांच्या प्रमाणातच परिणाम होतो. आयसोप्रिनालिनचा प्रत्येक रिसेप्टर पूर्ण परिणाम देतो आणि ‘प’चा प्रत्येक रिसेप्टर त्याच्या तीनदशांश. ‘प’ची मात्रा अशी घेतली की एकटे असताना ते 90 टक्के रिसेप्टर व्यापेल. त्यामुळे सुरुवात 90 चे तीनदशांश, म्हणजे 27 टक्क्यांवर झाली आणि आकृतीतला तो आकडा उलगडला. आता आयसोप्रिनालिनचा जो डोस एकटा 10 टक्के परिणाम देतो, तो ‘प’च्या सोबत 28 टक्के देत होता. जो एकटा 90 टक्के देतो, तो ‘प’च्या सोबत जेमतेम 62. पहिल्या ठिकाणी बहुतेक रिसेप्टर रिकामे होते आणि ‘प’ने ते भरले, म्हणून परिणाम वाढला, दुसऱ्या ठिकाणी ते आयसोप्रिनालिनकडे होते आणि त्यांतील बरेच ‘प’ने घेतले, म्हणून परिणाम घटला.

मग मी असा डोस घेतला जो एकटा 30 टक्के देतो. ‘प’ घातल्यावर उत्तर 30 टक्केच आले. ‘प’ची मात्रा दहापट केली, तरी 30. वही उलटून पुन्हा केले, तरी 30. आयसोप्रिनालिनचा एकटा वक्र आणि ‘प’सोबतचे सगळे वक्र एकमेकांना एकाच उंचीवर छेदतात, आणि ती उंची म्हणजे ‘प’चा स्वतःचा माथा. त्या उंचीच्या खाली ‘प’ मदत करते आणि वर अडवते. त्यामुळे चौथा वक्र दिलेला नसता, तरी छेदनबिंदूची उंची वाचून पार्शल ॲगोनिस्टची कमाल सांगता आली असती. सुरुवातीची उंची त्यासाठी पुरेशी नसते. मात्रा सगळे रिसेप्टर व्यापण्याइतकी नसेल तर ती माथ्यापेक्षा कमी असते, जशी इथे 27 होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अक्ष बदलून विचारले: आयसोप्रिनालिन स्थिर, 80 टक्के परिणाम देणारे, आणि वाढत जाणारे औषध ‘प’, वक्र काढ. तो 80 वरून उतरतो आणि 30 वर थांबतो. ‘प’च्या जागी प्रोप्रॅनोलॉल असेल तर तो शून्यापर्यंत जातो. स्थिर आयसोप्रिनालिन फक्त 10 टक्के देणारे असेल तर ‘प’चा वक्र चढून 30 ला येतो. हे तीन वक्र एका कागदावर काढल्यानंतर मला पार्शल ॲगोनिस्टची व्याख्या पाठ करावी लागली नाही.

एका प्रश्नाने मात्र पुन्हा फसवले. रक्तवाहिनीच्या पट्टीवर नॉरॲड्रेनॅलिन, आणि आधी थोड्या मात्रेत फिनॉक्सिबेन्झामिन. वक्र उजवीकडे सरकला होता, माथा कायम होता, बटर पेपरही बसत होता. मी कॉम्पिटिटिव्ह लिहिले. फिनॉक्सिबेन्झामिन अल्फा रिसेप्टरला कायमचे चिकटते, आणि नॉरॲड्रेनॅलिनचा कितीही डोस दिला तरी ते सुटत नाही, हे मला माहीत होते. तरी आकृतीत ते दिसत नव्हते. कारण पूर्ण परिणामासाठी सगळे रिसेप्टर लागतच नाहीत. शिल्लक रिसेप्टर आहेत तोवर काही कायमचे बाद झाले तरी जास्त डोसने माथा गाठता येतो. ब्लॉकरची मात्रा वाढवली की शिल्लक संपते आणि माथा खाली येतो. इथे वर सांगितलेला ताळा कामी येतो: एकाच मात्रेचा एकच वक्र पाहून निकाल देता येत नाही, पुढच्या मात्रांवर सरकणे हिशेबाप्रमाणे चालू राहते की माथा ढासळतो, हे पाहावे लागते. मॅडमनी आणखी एक खूण सांगितली. त्याच पट्टीवर पार्शल ॲगोनिस्टचा वक्र काढला, तर फिनॉक्सिबेन्झामिनच्या पहिल्याच छोट्या मात्रेने त्याचा माथा खाली येतो, कारण त्याला मुळात शिल्लक रिसेप्टर नसतात. आहेत ते सगळे वापरूनच तो आपली कमाल गाठत असतो.

विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारले की पिंडोलॉल घेणाऱ्या रुग्णाची नाडी विश्रांतीत फारशी का उतरत नाही, पण व्यायामात वाढायची ती का रोखली जाते. पिंडोलॉलही ‘प’सारखेच पार्शल ॲगोनिस्ट, म्हणून मी परवानगी घेऊन कागदावर नॉरॲड्रेनॅलिनचे पिंडोलॉलशिवाय आणि पिंडोलॉलसह असे दोन वक्र काढले, त्यांच्या छेदनबिंदूवर खूण केली, विश्रांतीतील थोडे नॉरॲड्रेनॅलिन त्या खुणेच्या आसपास दाखवले आणि धावतानाचे खूप वर. सरांनी खुणेकडे बोट करून या उंचीचा अर्थ काय असे विचारले. मी म्हणालो, “सर, पिंडोलॉल एकटे जास्तीत जास्त जेवढे करू शकते, तेवढी ही उंची आहे.” त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि प्रोप्रॅनोलॉलचा वक्र त्याच आकृतीत कुठून सुरू होईल ते काढायला सांगितले. मी तो शून्यापासून काढला.