तुम्ही विचारलंत म्हणून: मध्य महाराष्ट्र नावाचं गाव कुठं आहे?

“आमच्या शिवारात पेरणी करपली आणि तुम्ही लिहिता मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त पाऊस. हे विभाग जिल्ह्याच्या, राज्याच्या हद्दीप्रमाणे का नसतात?”

पावसाचं सदर लिहायला लागल्यापासून हा प्रश्न मला फोनवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय. शांतपणे विचारणारे कमी. म्हणून एकदाच, सविस्तर.

आधी एक गैरसमज काढतो. निदान महाराष्ट्रात तरी या विभागांच्या रेघा जिल्ह्याच्या हद्दीवरूनच जातात. हवामान खात्याने देशाचे 36 उपविभाग केलेत आणि त्यातले चार आपल्या वाट्याला आलेत. मध्य महाराष्ट्र म्हणजे पुणे आणि नाशिक महसूल विभागांचे मिळून दहा जिल्हे, नंदुरबारपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंत. मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे, विदर्भ म्हणजे अमरावती आणि नागपूर विभागांचे अकरा. कोकणाला तेवढा गोवा जोडलाय, कारण सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ती एकच पट्टी आहे. राज्याची हद्द ओलांडली जाते ती अशा ठिकाणी. नागालँड, मणिपूर, मिझोराम आणि त्रिपुरा मिळून एकच उपविभाग आहे. उलट तेलंगण पावसाच्या तक्त्यात कितीतरी आधीपासून वेगळं होतं, राज्य झालं 2014 मध्ये.

तेव्हा तक्रार करायचीच असेल तर उलटी करा. पाऊस जिल्ह्याची हद्द मानत नाही आणि आपला तक्ता ती मानतो, खरं दुखणं तिथं आहे. आंबोली घाटमाथ्यावर आहे, पण सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणून तिचा पाऊस कोकणाच्या खात्यात जमा होतो. गगनबावडाही घाटमाथ्यावरच, पण कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून त्याचा पाऊस मध्य महाराष्ट्राच्या खात्यात. ढग दोन्हीकडे तेच, डोंगर तोच. फरक आहे तो फक्त जिल्ह्याच्या कचेरीचा.

मग जिल्ह्याला धरून का चालायचं? पावसाची मोजणी जिल्ह्याजिल्ह्यातून येते म्हणून. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं जातं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लागतो. जिल्ह्यातल्या केंद्रांची सरळ सरासरी काढली की जिल्ह्याचा आकडा मिळतो. मग जिल्ह्यांच्या आकड्यांना त्यांच्या क्षेत्रफळाचं वजन देऊन उपविभागाचा आकडा निघतो. तो दीर्घकालीन सरासरीशी ताडतात. ही सरासरी सध्या 1971 ते 2020 या पन्नास वर्षांची धरतात. 19 टक्के कमी ते 19 टक्के जास्त यामध्ये आकडा बसला तर ‘सरासरीइतका’. वीस टक्क्यांपासून खाली ‘कमी’, वीसपासून वर ‘जास्त’, आणि साठच्या पलीकडे त्याहून तीव्र शब्द. बस, एवढंच गणित. त्यात कुणाचा कट नाही.

हे मी इतक्या ठसक्यात सांगतो खरं, पण 2019 च्या ऑगस्टमध्ये हेच सांगताना माझी जीभ अडखळली होती.

त्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं होतं. आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. सांगली शहरात फार पाऊस पडला म्हणून ते पाणी आलं नव्हतं. कोयना, वारणेच्या खोऱ्यात, महाबळेश्वरच्या अंगाला जे कोसळत होतं ते खाली उतरलं होतं. मी सदरात लिहिलं, ‘मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त पाऊस’. आकडा बरोबर होता, आजही मी त्यातला एक मिलिमीटर मागे घेणार नाही. दोन दिवसांनी जत तालुक्यातून मावसभावाचा फोन आला. त्याची जनावरं तेव्हा चारा छावणीत होती. “आण्णा,” तो म्हणाला, “पेपर घेऊन आलाय एक साहेब. म्हणतोय, तुमच्या विभागात धो धो पाऊस झालाय, छावणी किती दिवस चालवायची? नाव तुझं हाय खाली. ये आणि सांग.”

गेलो. पूर ओसरलेला, रस्त्याच्या एका बाजूला चिखलातली घरं, आणि त्याच जिल्ह्यात तासाभरानंतर धूळ. छावणीत टँकर उभा होता. साहेब निघून गेले होते, माणसं होती. त्यांनी मला बसायला पोतं दिलं आणि कात्रण पुढं केलं. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारे गृहस्थ अगदी सरळपणे म्हणाले, “म्हंजे महाबळेश्वरचा पाऊस आमच्या नावावर चढवता व्हय?”

मी क्षेत्रफळाचं वजन वगैरे सुरू केलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग वहीचं पान फाडून एक काल्पनिक जिल्हा मांडला. दहा पर्जन्यमापक, त्यातले दोन घाटात, आठ पूर्वेकडच्या कोरड्या भागात. घाटातल्या दोघांची हंगामाची सरासरी पाच-पाच हजार मिलिमीटर, कोरड्या आठांची पाच-पाचशे. सगळ्यांची बेरीज चौदा हजार, म्हणजे जिल्ह्याची सरासरी 1400. आता यंदा घाटात वीस टक्के जास्त पडला, सहा-सहा हजार. पूर्वेला चाळीस टक्के कमी, तीन-तीनशे. बेरीज करा: बारा हजार अधिक चोवीसशे, म्हणजे चौदा हजार चारशे. जिल्ह्याचा आकडा 1440. सरासरीपेक्षा तीन टक्के जास्त. आठ केंद्रांवर पिकं गेली आणि तक्त्यात जिल्हा ‘सरासरीइतका’.

मावसभावाने कागद दोनदा वाचला. “मग तुला हे ठाऊक होतं,” तो म्हणाला.

ठाऊक होतंच. उपविभागाचा आकडा कशासाठी असतो हेही ठाऊक होतं. देशाचा मॉन्सून कसा चाललाय, कुठल्या भागात तूट साठतेय, हे दिल्ली-पुण्यात बसून बघण्यासाठी तो असतो. छावणी चालू ठेवायची की नाही हे ठरवायला तो नसतोच. दुष्काळाचा निर्णय तालुक्यावर होतो, पीकविम्याचा महसूल मंडळावर. 2018 मध्ये सरकारने दुष्काळ जाहीर केला तो 151 तालुक्यांत, उपविभागात नव्हे. हे सगळं मी तिथं सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण कात्रण छावणीत पोचलं होतं आणि माझं स्पष्टीकरण पोतं टाकून बसलेल्या दहा-बारा माणसांपुरतंच पोचलं.

परतल्यावर मी ताडताड लेख लिहिला की घाटमाथा हा वेगळा उपविभाग करा. नंदुरबारचा आदिवासी पट्टा, महाबळेश्वर आणि जत यांची सरासरी काढून काय मिळतं? मध्य महाराष्ट्राची हंगामी सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरला एवढा पाऊस एका जोरदार आठवड्यात पडू शकतो, आणि जतला तो चांगल्या वर्षीही मिळत नाही. हा आकडा नेमक्या कुठल्या गावाचा? अंदाज देताना हवामान खातं ‘पुणे जिल्ह्याचा घाट परिसर’, ‘सातारा घाट’ असं वेगळं सांगतंच, मग झालेल्या पावसाच्या हिशेबात का नाही? लेख लोकांना फार आवडला. मलाही.

आता तो पुन्हा वाचतो तेव्हा त्या माणसाशी भांडावंसं वाटतं. घाटमाथा ही काही किलोमीटरची अरुंद पट्टी आहे, आठ-नऊ जिल्ह्यांच्या कडेकडेने गेलेली. ती वेगळी काढायची तर प्रत्येक जिल्हा चिरावा लागेल. शिवाय जुन्या नोंदींचं काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उपविभागांची पावसाची मालिका 1871 पासून तयार केली आहे. यंदाचा मॉन्सून 1972 च्या तुलनेत कसा, हे आपण म्हणू शकतो ते विभाग फारसे हलले नाहीत म्हणून. हद्दी बदलायच्या तर मागचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि घाटात तेवढी जुनी केंद्रं हवीत ना?

आणि दुसरं, जे मला त्या दिवशी सुचलं नाही. तुकडा लहान केला म्हणून आकडा खरा होतो असं नाही. समजा एखाद्या कोरड्या मंडळाची ऑगस्टअखेरची सरासरी अडीचशे मिलिमीटर आहे. पडला दीडशे, म्हणजे चाळीस टक्के तूट. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची सरासरी म्हणा वीस, आणि एका रात्री वळवासारखा कोसळून गेला शंभर मिलिमीटर. आता एकूण अडीचशे, सरासरी दोनशे सत्तर. तूट सात टक्क्यांवर आली, ‘सरासरीइतका’. मूग, मटकी तोवर जळून गेलेली. मंडळाचा पर्जन्यमापक गावापासून लांब असला तर ती रात्रही तुमच्या वाट्याला आली नसेल. मग काय, प्रत्येक बांधावर एक विभाग करायचा?

मावसभावाला हे पटत नाही. तो म्हणतो, “बांधावर नको, पण निदान महाबळेश्वर आमच्यातनं काढा.” यावर माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. कधी वाटतं त्याचंच खरं, कधी वाटतं की काढलं तरी घाटाला लागून असलेला ओला शिराळा तालुका आमच्यातच राहील आणि वाद शिराळा विरुद्ध जत असा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सुरू होईल.

सदरात मी एवढंच बदललं. उपविभागाचा आकडा देतो, पण त्याच्याखाली सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पावसाचे जिल्हेही देतो, आणि सांगली-साताऱ्याचे तालुके वेगळे. संपादक म्हणतात जागा खातं. खाऊ दे. तुम्हीही फोन करताना जिल्ह्याचं नाव सांगू नका, महसूल मंडळाचं सांगा. कृषी खात्याच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस असतो, तो आपण दोघं मिळून बघू. तिथंही तुमचं शिवार आणि आकडा जुळला नाही, तर पर्जन्यमापक नेमका कुठं बसवलाय ते तलाठ्याला विचारा आणि मला कळवा.