पंप सगळ्यात शेवटी

"पंखे आहेत, पॅड आहे, फॉगर आहेत, वर कंट्रोलरही बसवलाय. पण किती अंशांवर काय सुरू करायचं आणि बंद कधी करायचं?"

आधी माझे आकडे सांगतो, मग त्यामागचं कारण. माझ्या पॉलिहाऊसच्या एका भिंतीत चार पंखे आहेत आणि समोरच्या भिंतीत पॅड. सेन्सर मधोमध, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगलेला. दिवसा 26 अंशांना पहिला पंखा लागतो, 27 ला दुसरा, 28 ला उरलेले दोन. पॅडचा पंप 30 ला. उतरताना प्रत्येक पंखा लागला त्याच्या दीड अंश खाली बंद होतो आणि पंप 28 ला. तुमचं पीक वेगळं असेल तर सगळी शिडी एखाद-दोन अंश वर किंवा खाली सरकवा. पण क्रम बदलू नका. चारही पंखे चालू झाल्याशिवाय पंप लागता कामा नये.

याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त विरोध होतो. गारवा पाण्यानं येतो, मग पाणी आधी का नाही, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर हिशोबात आहे. बाहेर 35 अंश आणि 40 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्बचं तापमान साडेचोवीसच्या आसपास येतं. पॅडमधून हवा कितीही ओली झाली तरी त्याखाली जात नाही. चांगलं पॅड या साडेदहा अंशांच्या फरकातला साधारण 80 टक्के भाग कापतं. म्हणजे पॅडमधून आत येणारी हवा 26.6 अंशांची. ही हवा पॅडपासून पंख्यापर्यंत जाताना ऊन गिळत जाते. माझ्याकडे चारही पंखे चालू असताना ती या प्रवासात सुमारे 4 अंश तापते, म्हणजे पंख्यांच्या टोकाला साडेतीस. पीक खूश.

आता दोनच पंखे चालू आहेत असं धरा. ऊन तेवढंच, पण हवा निम्मी. तीच उष्णता निम्म्या हवेला वाहून न्यायची म्हटल्यावर ती दुप्पट तापणार, ढोबळमानानं 8 अंश. पॅडजवळ 26.6, पंख्यांजवळ साडेचौतीस. पॅडच्या बाजूच्या ओळी गारठलेल्या आणि ओलसर, पंख्यांच्या बाजूच्या सुकलेल्या, आणि मधला सेन्सर मात्र साडेतीस दाखवून समाधानी. एकाच शेडमध्ये एका टोकाला बुरशी आणि दुसऱ्या टोकाला कोळी दिसला, की मी आधी हेच विचारतो की पंप लागतो तेव्हा पंखे किती चालू असतात. (दार उघडं राहिलं किंवा प्लास्टिक फाटलेलं असलं तरी असंच होतं. पंखे हवा सोप्या वाटेनं ओढतात आणि पॅड बाजूला राहतं.)

आता बंद करण्याच्या आकड्याबद्दल. सुरुवातीला मी पंप 30 ला सुरू आणि साडेएकोणतीसला बंद असा लावला होता. वाटलं, जेवढी मर्यादा बारीक तेवढं नियंत्रण चांगलं. झालं उलटंच. पंप दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद व्हायला लागला. एका दुपारी पॅडला हात लावून पाहिला, तर वरचा हातभर भाग ओला आणि खालचा खडखडीत कोरडा. पाणी खालपर्यंत पोचायच्या आधीच पंप थांबत होता. जिथे ओल आणि कोरड मिळत होती, तिथे क्षारांची पांढरी रेघ धरली होती. बोटानं खरवडली तर कागदाच्या नळ्या तिच्यासकट तुटून आल्या. त्या रेघेखालच्या पॅडमधून बाहेरची गरम हवा सरळ आत येत होती.

गोष्ट अशी आहे की पॅडला स्वतःचा आळस असतो. पूर्ण भिजायला काही मिनिटं लागतात, आणि पंप थांबल्यावरही ते ओलं असेपर्यंत गार हवा देतच राहतं. पंख्याचं तसं नाही. बटण दाबलं की वारा, सोडलं की थांबला. म्हणून पंख्याला दीड अंशाचं अंतर पुरतं आणि पंपाला दोन अंश लागतात. शिवाय एकदा लागला की किमान 10 मिनिटं चालेलच, असा टायमर मी त्याला घातलाय. आणि कुठल्याही दोन टप्प्यांमध्ये दोन मिनिटं थांबायचं. नाहीतर ढग सरकून ऊन पडलं की चारही पंखे एका दमात उठतात, मोटारींना झटका बसतो आणि ढग परत आला की सगळे एकदम बसतात.

आर्द्रतेचं काम वेगळं आहे. ती पंपाला हुकूम देत नाही, फक्त परवानगी देते किंवा काढून घेते. कंट्रोलरमध्ये ते दोन ओळींत बसतं:

```
if (T >= 30.0 && RH < 80) pump = ON;
if (T <= 28.0 || RH > 88) pump = OFF;
```

या दोन्हींत न बसणारी स्थिती असेल तर पंप आहे तसाच राहतो. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. हिस्टेरेसिस म्हणतात ते एवढंच.

परवानगी काढून घ्यायची गरज का पडते, ते दमट दिवशी कळतं. बाहेर 31 अंश आणि 80 टक्के असेल तर वेट बल्ब 28 च्या आसपास येतं. पॅड हवा जेमतेम सव्वादोन-अडीच अंश गार करणार आणि त्या बदल्यात ती जवळजवळ तुडुंब भरून आत सोडणार. अशा हवेत पानांचं बाष्पोत्सर्जन मंदावतं आणि पानं स्वतःला गार करू शकत नाहीत. एवढ्याशा गारव्यासाठी ते मोल फार आहे. तशा दिवशी कोरडं पॅड आणि पूर्ण पंखेच बरे.

पण ही परवानगी ज्याच्या हातात, तो सेन्सर खोटं बोलला तर? हे माझ्या बाबतीत झालंय. भर उन्हाळ्यातली दुपार, आत 37 अंश, चारही पंखे फिरताहेत आणि पंप बंद. मी फ्यूज पाहिला, कॉन्टॅक्टर पाहिला, टाकीचा फ्लोट पाहिला. हातानं लावला तर पंप लगेच चालला. दीड तास यात गेला. मग पडद्यावर आर्द्रतेचा आकडा दिसला, 98 टक्के. 37 अंशांना 98 टक्के खरं असतं, तर मला आत उभं राहवलं नसतं आणि पाईपांवरून पाणी ठिबकत असतं. पानं तर कोरडी होती. दोन साधे थर्मामीटर घेतले, एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळलं आणि दोन्ही पंख्यांच्या वाऱ्यात धरले. कोरडा 37, ओला 26. कोष्टकात पाहिलं तर आर्द्रता 42 टक्के.

कारण सेन्सरच्या बरोब्बर वर होतं. फॉगरची लाईन बंद झाली की नळीत उरलेलं पाणी शेवटच्या नोझलमधून ठिपकत होतं आणि थेंब सेन्सरच्या टोपीवर पडत होते. टोपी ओली आहे तोवर सेन्सरच्या दृष्टीनं जग ओलंच. त्यानं पंपाची परवानगी काढून घेतली आणि पीक दोन तास भाजत राहिलं. शेंड्याकडच्या कळ्या आठवड्यानं गळाल्या, तेव्हा त्याची किंमत कळली.

तेव्हापासून सेन्सर फॉगरपासून लांब, पांढऱ्या हवेशीर पेटीत आहे आणि पेटीत छोटा पंखा सतत हवा ओढतो. उघड्यावर ऊन लागलं तर सेन्सर हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. नोझलना दाब उतरताच मिटणारे अँटी-लीक व्हॉल्व्ह लावले. आणि कंट्रोलरला एक जादा नियम दिला. 35 अंशांच्या वर असताना आर्द्रता 95 च्या वर दिसली, तर तो आकडा धरायचा नाही, भोंगा वाजवायचा. दोन थर्मामीटरची परीक्षा मी अजून दर पंधरा दिवसांनी करतो.

फॉगरचं म्हणाल, तर पंखा-पॅडच्या शेडमध्ये मी त्यांना गारव्यासाठी वापरत नाही. चार पंखे चालू असताना सोडलेलं धुकं पिकाला भेटायच्या आधीच बाहेर ओढलं जातं. माझे फॉगर लागतात ते थंड पण कोरड्या दिवशी. आत 24 अंश, पंखे बंद किंवा फार तर एक चालू, आणि आर्द्रता 50 च्या खाली. तेव्हा 10 सेकंद फवारा आणि 5 मिनिटं विश्रांती. मग आकडा पाहायचा आणि गरज असली तर पुन्हा. विश्रांती महत्त्वाची, कारण कमी दाबाच्या फॉगरचे थेंब जाड असतात आणि हवेत विरायला त्यांना वेळ लागतो. घाई केली तर ते पानांवर बसतात. दुपारी तीननंतर फॉगर बंद म्हणजे बंद.

संध्याकाळचा क्रम उलटा असतो. पंप आधी थांबतो आणि पंखे पॅड कोरडं होईपर्यंत चालतात. दिवसातून एकदा पॅड पूर्ण वाळलं की शेवाळ धरत नाही. त्यानंतरची एक पायरी बरेच जण सोडून देतात. सूर्य मावळल्यावर आत 20 अंश आणि 95 टक्के झालं, बाहेर 16 अंश आणि तेही 95 टक्के, तर लोक म्हणतात की बाहेरही तेवढीच ओल आहे, पंखा लावून काय मिळणार. मिळतं. बाहेरची 16 अंशांची हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 74 टक्के उरते, कारण गार हवेत मुळात पाणीच कमी असतं. म्हणून आर्द्रता 90 च्या वर गेली की माझा एक पंखा कोरड्या पॅडमधून दर 20 मिनिटांनी 3 मिनिटं फिरतो. हे शेडमध्ये दिवसाची ऊब शिल्लक असेपर्यंतच. आत-बाहेरचा फरक एका अंशावर आला की मी तो थांबवतो, कारण तेव्हा बदलायला कोरडी हवा उरलेली नसते.