रीलमध्ये हेलिकॉप्टर, पॅकेजमध्ये नाही

सांगलीतल्या एका टूरवाल्यांच्या रील्सना कॅप्शन मी लिहिते. यंदाची केदारनाथ-बद्रीनाथ ग्रुप टूर मात्र अजून डोक्यातून जात नाही.

रील झकास होतं. बर्फाचे डोंगर, डमरूचा आवाज आणि मधे तीन सेकंद उतरणारं हेलिकॉप्टर. मालकांचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला: ‘सर्व खर्च समाविष्ट! शेवटच्या ५ सीट! आजच फोन करा!’ तोवर एकही बुकिंग नव्हतं. ही शेवटच्या पाच सीटची खोड आपल्याकडे सगळ्याच टूरवाल्यांना आहे.

मी विचारलं, “दादा, हेलिकॉप्टर आपण देतोय?”

“छे हो ताई. ते नुसतं दिसायला.”

खरी गोम इथंच. ग्रुपची बस सोनप्रयागला थांबते. तिथून गौरीकुंडापर्यंत पाचेक किलोमीटर स्थानिक जीप, आणि पुढं मंदिरापर्यंत सोळाएक किलोमीटरची चढण. पायी जा, नाहीतर घोडा किंवा पालखी करा, स्वतःच्या पैशानं. येणारे बहुतेक साठीपुढचे, गुडघे धरून बसणारे. रील त्यांना हेलिकॉप्टर दाखवणार आणि आम्ही म्हणणार ‘सर्व समाविष्ट’. गौरीकुंडात भांडण होणार ते बिचाऱ्या टूर मॅनेजरशी.

कॅप्शनची पहिली ओळच काय ती दिसते, बाकीचं उघडून वाचणारे थोडे. म्हणून ठिकाण, तारीख आणि मुदत मी त्या ओळीत कोंबली: ‘केदार-बद्री, सांगलीहून २० मे, नावं १५ मार्चपर्यंत.’ खाली हरिद्वारची गंगा आरती, बद्रीनाथ, माणा गाव. मग ‘समाविष्ट’: रेल्वे, बस, मुक्काम, जेवण, यात्रेची नोंदणी. त्याला लागूनच ‘समाविष्ट नाही’: सोनप्रयागची जीप, घोडा, पालखी, हेलिकॉप्टर.

मुदतीवरून मालक चिडले. “मार्च कशाला? दहा मेपर्यंत घेऊ की!” त्यांच्या डोक्यात अजून चार महिने आधी निघणारी तिकिटं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. २० मेची गोवा एक्स्प्रेस म्हणजे २१ मार्चला सकाळी आठ वाजता. त्या क्षणी प्रत्येकाचं नाव आणि वय हातात हवं. नंतर नाव बदलायचं तर घरच्याच माणसाचं चालतं. सुट्टीच्या मोसमात दहा मेला आलेल्याला सगळ्यांबरोबर बर्थ कुठला मिळायला? हे त्यांना पटलं, कारण वेटिंगचा मनस्ताप त्यांनीच सोसलेला.

‘समाविष्ट नाही’ मात्र पटलं नाही. “ताई, एवढं उघडं लिहिलं तर दहा सीट जातील.” शेवटी ओळ राहिली, पण त्यांनी ती सगळ्यात खाली, हॅशटॅगच्या वर ढकलली.

संध्याकाळी मिरजेच्या एका आजींचा फोन आला. त्यांनी खालपर्यंत वाचलं होतं. “घोड्याचं वेगळं पडतं ना? मग ह्यांना बद्रीनाथला तरी नेता येईल का? केदारच्या दिवशी ते खालीच हॉटेलात थांबतील.” हा प्रश्न मालकांनाही कधी सुचला नव्हता. खाली थांबणाऱ्यांच्या जेवणाचं काय, हे ते आता हॉटेलवाल्याला विचारतायत.