मधला एक दिवस

पुतण्याचं लग्न 19 मेला होतं, राधानगरीकडच्या आमच्या गावात, दारातच मांडव घालून. 17 ते 21 अशा पाच दिवसांच्या रजेचा अर्ज मी मार्चमध्येच दिला होता, त्यावर साहेबांची सहीही झाली होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी अकाउंट्स बघते. 20 तारखेपर्यंत जीएसटीचं महिन्याचं 3B रिटर्न भरायचं असतं, म्हणून हाताखालच्या पोराला सगळं समजावून, बिलांच्या फायली लावून देऊनच मी गावी आले होते.

17 ला सकाळी आम्ही जावा-जावा अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. साहेबांचा व्हॉट्सॲप आला: ‘मॅडम, पोरगं डेंग्यूनं ॲडमिट आहे. रिटर्न राहतंय. रजा कॅन्सल करा, उद्यापासून या.’

18 ला हळद, 19 ला लग्न. डोकं असं सणकलं की मी लगेच टाइप केलं, ‘रजा तुम्हीच मंजूर केलीय, आता ऐनवेळी असं कसं चालेल?’ पाठवणार तेवढ्यात नणंदेचे यजमान म्हणाले, ‘वैनी, जरा दमानं.’ ते पोस्टात आहेत. केंद्राच्या 1972 च्या रजा नियमांप्रमाणे त्यांना रजा हक्क म्हणून मागताच येत नाही. पण सक्तीनं परत बोलावलं, तर कामावर यायला निघाल्या दिवसापासून ड्युटी धरतात आणि प्रवासभत्ताही देतात. आमचं खासगी. माझ्या नेमणूकपत्रात एवढंच लिहिलेलं, की निकडीच्या वेळी मंजूर रजा कमी करता येईल. म्हणजे हक्काची भाषा करून मीच तोंडावर पडले असते.

टाइप केलेलं पुसलं आणि आधी फोन लावला. पोराची तब्येत विचारली, मग विचारलं, ‘साहेब, नक्की कुठं अडलंय?’ अडलं होतं थोडंच. विक्रीचे आकडे तयार होते. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या 2B शी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, ताडून बघायची राहिली होती, दोन सप्लायरची बिलं त्यात दिसत नव्हती. चार-पाच तासांचं काम. आमची भागीदारी फर्म, त्यामुळे रिटर्न भरताना ओटीपी साहेबांच्याच मोबाईलवर येतो. सहीसाठी माझी गरज नव्हती.

खरं तर एक दिवस उशीर झाला असता तर लेट फी 50 रुपये, आणि रोखीनं भरायचा कर चार लाख धरला तरी वर्षाला 18 टक्क्यांनी दिवसाचं व्याज दोनशेच्या आत. पण हा हिशोब मी तोंडातून काढला नाही. घाबरलेल्या माणसाला ‘एवढं काय त्यात’ म्हटलं की तो आणखी भडकतो. आणि रिटर्न वेळेत जावं असं मलाही वाटत होतंच.

फोनवर ‘बघते’ म्हणून ठेवला असता, तर साहेबांनी ते ‘येते’ असंच ऐकलं असतं. म्हणून लगेच लिहून पाठवलं:

‘साहेब, फोनवर बोलल्याप्रमाणे, रिटर्न 20 तारखेपर्यंत जायला हवं हे मला पटतंय. 18 आणि 19 ला घरचं लग्न असल्यानं मला येता येणार नाही. 20 ला सकाळी 10 ला ऑफिसात येते आणि रिटर्न भरूनच निघते. 21 ला घरी गोंधळ आहे, त्या दिवशी रजेवरच असेन. उद्या दोन्ही सप्लायरना बिलांबद्दल फोन करायला स्टोअरवाल्या भाऊंना सांगावं. 20 चा दिवस रजेतून वजा होऊ नये, ही विनंती. चालेल का, कृपया कळवावं.’

‘माफ करा’ मी मुद्दाम लिहिलं नाही. माझी चूक काहीच नव्हती. लग्नाचं वर्णनही टाळलं. कारण लांबवलं की समोरचा त्यातच फट शोधतो: हळदीला तुम्ही कशाला लागता, संध्याकाळी परत जा की.

उत्तरात नुसता अंगठा आला. आता तो ‘वाचलं’चा की ‘चालेल’चा? तासाभरानं पुन्हा लिहिलं, ‘म्हणजे 20 ला येते, 18-19 ला नाही, असं पक्कं धरू ना साहेब?’ तेव्हा आलं, ‘हो. वेळेत या.’

20 ला पहाटेची एसटी धरली. हातावरची हळद तशीच होती. एका सप्लायरनं त्याचं विक्रीचं रिटर्न, GSTR-1, भरलंच नव्हतं. ते बिल 2B मध्ये नाही म्हणून त्यावरच्या कराचं क्रेडिट या महिन्यात सोडलं. दुसऱ्याचा आमच्या नोंदीत बिल नंबर चुकला होता, तो दुरुस्त केला. दुपारी तीनला ओटीपी आला, साहेबांनी मोठ्यानं वाचला, रिटर्न गेलं.

पगाराच्या स्लिपवर रजा पाचच दिवस वजा झाली होती. मी काही बोलले नाही, तो मेसेज आणि त्याखालचं ‘हो’ पगार करणाऱ्या मॅडमना फॉरवर्ड केलं. पुढच्या महिन्यात एक दिवस परत जमा झाला.