पत्रिका नसलेल्या आजीचं हरवलेलं विक्रीपत्र

फोंड्यात ज्योतिषाचं काम करताना एक गोष्ट सारखी भेटते, साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे जन्मवेळ नसते आणि जी तारीख कागदावर असते ती शाळेत घालताना कुणीतरी सांगितलेली. सत्तरीतल्या एका आजीचं तसंच. "पोर्तुगीज असताना जन्मले, चवथीच्या आधी, पाऊस होता, आवय तेवढंच सांगायची." आता पावसावरून कोणी पत्रिका मांडत नाही. अशा वेळी प्रश्नकुंडली. प्रश्न ज्या क्षणी विचारला त्या क्षणाचं लग्न, म्हणजे तेव्हा पूर्वेला उगवणारी रास, आणि ग्रह घ्यायचे, माणसाचा नाही तर प्रश्नाचा जन्म धरायचा.

प्रश्न असा की कुळागराचं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेचं, पोर्तुगीज भाषेतलं जुनं विक्रीपत्र सापडत नव्हतं. नवरा गेलेला, पुतण्यांशी वाटणीवरून वाद, आणि मूळ कागदाशिवाय बोलायची सोय नाही. नातवाने सगळ्या ट्रंका उपसून झालेल्या. आजी देवळात प्रसाद लावून, म्हणजे मूर्तीवरच्या पाकळीने देवाचा कौल घेऊन आलेली, पाकळी उजवी पडली म्हणजे होकार मिळाला, पण कागद कुठे ते पाकळी सांगत नाही म्हणून मग माझ्याकडे.

पहिला घोळ वेळेचा. नातवाने सकाळी आठला व्हॉट्सअ‍ॅप केलेला, "आजीचं काहीतरी हरवलंय, घेऊन येतो". त्या वेळची कुंडली मी उत्सुकतेने मांडून बघितली तर मीन लग्न आणि लग्नातच उच्चीचा, सगळ्यात बलवान शुक्र, म्हणजे कोणालाही मोह पडावा अशी. पण ती घ्यायची नसते. काय हरवलंय, कोणाचं, नेमकं काय विचारायचंय यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ज्योतिषाला प्रश्न कळला तो क्षण, आणि ज्योतिषी बसलाय ती जागा, हा माझा नियम. आजी समोर बसली, पाणी प्याली, सुनेबद्दल सगळं बोलून झालं आणि मग म्हणाली, "माझा कागद मला परत मिळेल का रे बाबा?" तेव्हा बाराला थोडा वेळ होता. तो टाइम घेतला. (मोबाइल अ‍ॅप वापरणाऱ्यांनी जागा फोंडा टाकलीय का ते आधी बघा, डिफॉल्टला दिल्ली असली तर लग्नाचे अंश सहज सरकतात आणि लग्न राशीच्या टोकाला असलं तर रास पण बदलते. लग्न चार मिनिटांत साधारण एक अंश पुढे जातं, त्यामुळे मी घड्याळ आधी बघतो आणि बाकीचं नंतर.)

फाल्गुन शुद्ध नवमी होती, गावोगाव शिगम्याची गडबड. वृषभ लग्न 14 अंश. लग्न राशीच्या मधोमध, म्हणजे काठावरचा प्रश्न नाही, हे आधी बघून घ्यायचं. लग्न म्हणजे विचारणारी, तिचा स्वामी शुक्र. हरवलेली मालमत्ता दुसऱ्या घरावरून बघतात, तिथे मिथुन, म्हणजे स्वामी बुध. आणि कागदपत्रांचा कारकही बुधच, हे एक बरं झालं. शुक्र मीनेत 9 अंशांवर, उच्चीचा आणि अकराव्या म्हणजे लाभस्थानात. बुध कुंभेत 4 अंशांवर, दहाव्या घरात. सूर्य कुंभेतच 20 अंशांवर होता पण बुधापासून 16 अंश लांब, म्हणजे बुध अस्तंगत, सूर्याच्या तेजात झाकलेला, धरायचा नाही.

आता मी ताजिक पद्धतीने बघतो, म्हणजे नीलकंठाने 16व्या शतकात संस्कृतात मांडली ती. तिच्यात पहिला प्रश्न असतो की लग्नेश म्हणजे लग्नाचा स्वामी आणि कार्येश म्हणजे विचारलेल्या गोष्टीचा स्वामी, इथे शुक्र आणि बुध, यांची एकमेकांवर दृष्टी आहे का, आणि वेगवान ग्रह मंद ग्रहाकडे चाललाय का. असेल तर इत्थशाल, काम होतं. इथे कुंभ आणि मीन शेजारी राशी, द्विर्द्वादश, दृष्टीच नाही. नवखा असेल तर इथेच "नाही मिळणार" सांगून मोकळा होईल.

पण चंद्र बघा. मिथुनेत 6 अंशांवर, दुसऱ्याच घरात. तिथून कुंभ नववी रास आणि मीन दहावी, म्हणजे चंद्राची दृष्टी दोघांवरही. अंश पाहिले तर चंद्र बुधाच्या 4 अंशांवरून दोन अंश पुढे आलेला आणि शुक्राच्या 9 अंशांना अजून तीन अंश कमी. एकाकडून निघून दुसऱ्याकडे चाललेला, मध्ये अडवायला कोणी नाही. ह्याला नक्त योग म्हणतात: दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि तिसरा माणूस याचा निरोप त्याला पोचवतो. काम होतं, पण तिसऱ्यामुळे.

मग तिसरा कोण? वृषभ लग्नाला चंद्र तिसऱ्या घराचा स्वामी. तिसरं घर धाकट्या भावंडांचं, आणि चंद्र स्त्रीग्रह. मी विचारलं, "आजी, तुम्हाला धाकटी बहीण आहे का हो?"

आजीचं तोंड एकदम आवळलं. "आहे डिचोलीला. मी तिच्याकडे जात नाही."

"आणि हा कागद कधी ऑफिसात, कोर्टाच्या कामाला वगैरे दिलेला का?" बुध दहाव्यात, म्हणून हा प्रश्न. आजी म्हणाली तिला आठवत नाही, असली कामं नवराच बघायचा. मी सांगितलं, कागद गेलेला नाही, बहुतेक कामाच्या जागी आहे, धाकट्या बहिणीला विचारा. नातू हसला, "मावशीआजीला? ती फोन पण उचलणार नाही."

चार दिवसांनी त्याचाच फोन. मावशीआजीला फोन त्याने केला होता, आजीने नाही, आणि तिला पहिल्याच वाक्यात आठवलं. पूर्वी जमिनीचं नाव बदलायचं म्हणून आजोबांनी मूळ कागद तिच्या नवऱ्याच्या ओळखीतल्या वकिलाकडे दिले होते. वकील वारले, ऑफिस मुलाकडे, फाइल तिथल्याच कपाटात असणार.

मुदतीचं मात्र फसलं. चंद्राला शुक्रापर्यंत तीन अंश, चंद्र द्विस्वभाव राशीत म्हणून मी मध्यम एकक धरलं आणि तीन आठवडे सांगितले. वकिलाचा मुलगा बाहेरगावी, कपाटाची चावी त्याच्याकडे, प्रत्यक्ष कागद हातात आला अक्षय्य तृतीयेच्या आसपास. प्रश्नकुंडलीत "होईल का" आणि "कोणामुळे" हे बऱ्यापैकी उलगडतं, "कधी" मात्र सगळ्यात कच्चं, अंशाचे दिवस की आठवडे की महिने हे ठरवताना ज्योतिषाचा अंदाजच चालतो. म्हणून मुदत मी आता मोघमच सांगतो. आणि खरं सांगायचं तर कोणी शहाण्याने शांत बसून "आजोबा असली कामं कोणामार्फत करायचे" एवढं विचारलं असतं तरी बहिणीपर्यंत पोचता आलं असतं. कोणी विचारलं नव्हतं, कारण घरात तिचं नावच निघत नव्हतं.

कागद मिळाल्यावर आजी पेढे घेऊन आली आणि लगेच, "आता ह्याच पत्रिकेवर बघ, वाटणीत मी जिंकेन का?" नाही म्हटलं. ती कुंडली कागदाच्या प्रश्नाची, तिचं काम झालं, वाटणीचा प्रश्न मनापासून विचारायचा असेल त्या दिवशी वेगळी मांडू. मग नातवाने हळूच पुढे सरकून विचारलं, त्याच्या लग्नाचं पण प्रश्नावरूनच सांगता येईल का. त्याला म्हटलं, "तुझा जन्म हॉस्पिटलातला ना? मिनिटासकट वेळ तिथल्या नोंदीत असेल, ती आण, फुकटचा शॉर्टकट नको."

म्हणाला, आईकडे विचारतो. अजून आलेला नाही.