सोळा औषधांची पिशवी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अनेक वर्षे दवाखाना चालवतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या जुन्या रुग्ण असलेल्या एका शहात्तर वर्षांच्या आजींना त्यांची नात घेऊन आली. आदल्या रात्री लघवीला उठताना आजी मोरीच्या उंबऱ्यापाशी पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, पण नात घाबरलेली होती. मी फोनवर सांगितल्याप्रमाणे तिने घरातली सगळी औषधे एका कापडी पिशवीत भरून आणली होती. सगळी म्हणजे डॉक्टरांनी दिलेली, मेडिकलमधून स्वतःहून घेतलेली, अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली आणि चूर्णेसुद्धा. ज्याला आपण औषध समजत नाही, ते रुग्ण आपल्या यादीत सांगत नाहीत. म्हणून मी यादी न मागता पिशवीच मागतो.

टेबलावर सोळा वस्तू निघाल्या. त्यांत रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन, लघवी वाढवणारी टॉर्सेमाइड, गुडघेदुखीची ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, चक्करेची सिनारिझिन आणि थायरॉईडची गोळी होती. शिवाय कॅल्शियमच्या दोन बाटल्या, लोहाची गोळी, दोन वेगवेगळी मल्टिव्हिटॅमिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सुला, ग्लुकोसामाइन, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि त्रिफळा चूर्ण होते.

मी आजींना म्हटले, "आजी, तुम्ही रोज सकाळी जसं घेता, तसं मला करून दाखवा." त्यांनी नातीकडे वाटी मागितली. आमच्या नर्सबाईंनी स्टीलची एक छोटी वाटी दिली. आजींनी सवयीच्या हाताने एकेक पाकीट फोडत वाटीत नऊ गोळ्या टाकल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या चहाबरोबर. एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही." त्या नऊ गोळ्यांत थायरॉईडची गोळी होती, तिच्या अंगाला अंग लावून कॅल्शियम आणि लोहाची गोळी होती. वाटी धरलेल्या हाताचा अंगठा किंचित थरथरत होता.

थायरॉईडच्या गोळीबद्दल आधी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची चूक होती. आजी तीन वर्षांपूर्वीपासून ५० मायक्रोग्रॅमच्या डोसवर व्यवस्थित होत्या. शरीराला थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की रक्तातला टीएसएच वाढतो. गेल्या दीड वर्षात त्यांचा टीएसएच दोनदा वाढलेला आला, एकदा ९ आणि नंतर ११ च्या पुढे. मी डोस आधी ७५ आणि मग १०० केला. गोळी कशी घेता, हे मी दोन्ही वेळा विचारले होते आणि "सकाळी उठल्याउठल्या" एवढे उत्तर ऐकून थांबलो होतो. मुलाने कॅल्शियमची मोठी बाटली पाठवली ती याच काळात. कॅल्शियम आणि लोह हे दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतात, त्यामुळे गोळी पोटात गेली तरी तिचा बराचसा भाग रक्तात पोहोचत नाही. चहानेही हे शोषण कमी होऊ शकते. औषध कमी पडत नव्हते, ते वाटेतच अडत होते. आता फक्त कॅल्शियम दूर केले असते, तर तोच १०० चा डोस पूर्णपणे शोषला जाऊन जास्त झाला असता. शहात्तर वर्षांच्या हृदयाला जास्तीचे थायरॉक्सिन सोसत नाही, नाडी अनियमित होऊ शकते आणि हाडेही ठिसूळ होतात. म्हणून गोळीची वेळ बदलताना डोसही त्याच दिवशी कमी करावा लागला.

आता पडण्याकडे वळलो. आजींना आडवे झोपवून रक्तदाब पाहिला, तो १३८/७६ होता. उभे केल्यावर एका मिनिटाने तो ११२/६८ झाला आणि त्यांनी टेबलाचा कोपरा घट्ट धरला. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला, तर ती केवळ अशक्तपणाची चक्कर समजून सोडता येत नाही. ही साधी तपासणी मी आधीच करायला हवी होती. पायांवर घोट्यापर्यंत सूज होती, छाती मात्र स्वच्छ होती आणि वर्षापूर्वीची हृदयाची सोनोग्राफी चांगली होती. मनगट हळूहळू फिरवून पाहिले, तर दातेरी चाक फिरावे तसा अडखळता ताठरपणा लागत होता. नात म्हणाली, "आजी आता वाती वळत नाही. बोटं चालत नाहीत म्हणते." आम्ही सगळ्यांनी हे वयावर ढकलले होते.

मी टेबलावरची औषधे बाजूला सारली आणि कोरा कागद घेतला. औषध कशासाठी आहे हे आपण लिहितो, पण ते कधी सुरू झाले हे सहसा लिहीत नाही. मी नातीला जुन्या चिठ्ठ्या आणि बिले तारखेप्रमाणे लावायला सांगितली. चार वर्षांपूर्वी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रक्तदाब उत्तम. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गुडघे धरले, तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधली गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. दोनेक महिन्यांत रक्तदाब १६० च्या वर गेला आणि एका डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन १० केली. मग पाय सुजले, दुसऱ्या ठिकाणी टॉर्सेमाइड मिळाली. त्यानंतर उठताना चक्कर येऊ लागली, म्हणून सिनारिझिन दिवसातून तीनदा सुरू झाली. सिनारिझिन सुरू झाल्यावर काही महिन्यांनी बोटे मंदावली.

एका ओळीत वाचल्यावर सगळे स्पष्ट दिसले. ॲसिक्लोफेनॅकच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी अडवून ठेवायला लावतात, म्हणून रक्तदाब चढला. मोठ्या डोसमध्ये ॲम्लोडिपिन पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल करते आणि पाणी त्यांतून आजूबाजूच्या उतींत झिरपते. ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्याची नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उलट रक्तातले पाणी कमी होऊन उभे राहिल्यावर दाब कोसळतो. चक्कर आली म्हणून दिलेले सिनारिझिन हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या मेंदूतल्या डोपामिनला अडवते आणि वृद्धांत पार्किन्सनसारखी लक्षणे आणू शकते. गुडघ्याच्या एका गोळीपासून बोटांच्या मंदपणापर्यंत प्रत्येक नवी गोळी मागच्या गोळीच्या परिणामावर दिली गेली होती. कोणाही एका डॉक्टरांनी चुकीचे काही दिले नव्हते, कारण प्रत्येकाने समोर दिसलेल्या तक्रारीवर योग्य तेच औषध लिहिले होते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती.

मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन तपासणीत १.५ आले, दोन वर्षांपूर्वी ते ०.९ होते. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ओझे पडते. पोटॅशियम सुदैवाने ठीक होते. ड जीवनसत्त्व ११८ नॅनोग्रॅम आले, म्हणजे गरजेपेक्षा खूपच जास्त. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठ आठवडे घेऊन थांबायची किंवा नंतर महिन्याला एक करायची असते. आजी ती चौदा महिने दर रविवारी घेत होत्या, शिवाय कॅल्शियमच्या दोन्ही बाटल्यांत आणि दोन्ही मल्टिव्हिटॅमिनमध्येही ड होतेच. कुणी पुन्हा विचारले नाही आणि मेडिकलवाले जुनी चिठ्ठी बघून देत राहिले.

औषधे कमी करताना सगळी एका दिवशी बंद करायची नसतात. त्याच दिवशी बंद केल्या त्या वेदनाशामक आणि लघवीच्या गोळ्या, कारण मूत्रपिंड आणि पडणे ही दोन कारणे वाट पाहण्याजोगी नव्हती. गुडघ्यासाठी साधी पॅरासिटामॉल लागेल तेव्हाच, आणि मांडीच्या स्नायूंचा बसून करायचा व्यायाम नर्सबाईंनी शिकवला. वेदनाशामक थांबल्यावर रक्तदाब आपोआप उतरेल हे ठाऊक असल्याने ॲम्लोडिपिन लगेच न बदलता नातीला रोज बसून आणि उभे करून दाब लिहायला सांगितले. आठव्या दिवशी सकाळी बसून १२४ दिसू लागल्यावर ती पुन्हा ५ केली. सिनारिझिन थांबवली. पॅन्टोप्राझोल वेदनाशामकासोबत पोट जपण्यासाठी दिली होती, ती दोन आठवडे एकाआड एक दिवस देऊन बंद केली, कारण अचानक थांबवल्यास काही दिवस ॲसिडिटी उसळते. लोहाची गरज नव्हती, हिमोग्लोबिन १२.४ होते. दोन मल्टिव्हिटॅमिन आणि ग्लुकोसामाइन यांमुळे अपाय झाल्याचे दिसत नव्हते, पण त्यांनी काही मिळत असल्याचेही दिसत नव्हते. माशाचे तेलही तसेच थांबवले. थायरॉईडची गोळी ७५ केली आणि पहाटे उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, असे ठरले. कॅल्शियमची एकच गोळी रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे दोन्हींत दिवसभराचे अंतर. त्रिफळा पूर्वीसारखे रात्री, त्याला कुणी हात लावला नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. हा क्रम या आजींचा आहे. काही औषधे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवरच्या काही गोळ्या, स्टिरॉइड, फिट्सची आणि झोपेची औषधे, एकदम थांबवली तर धोका होतो. घरच्यांनी पिशवी जरूर तपासावी, पण गोळी थांबवण्याचे त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

बाटल्या परत पिशवीत ठेवताना आजी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लांबून पाठवतो तो. न घेतल्या तर त्याला वाईट वाटेल." मी नातीला तिथूनच काकांना फोन लावायला सांगितला आणि मी स्वतः बोललो. कॅल्शियम कुठल्या वेळी घेतल्यास चालेल आणि कुठल्या वेळी नाही, हे त्यांनी कागदावर लिहून घेतले आणि यापुढे काही पाठवण्याआधी मला विचारण्याचे कबूल केले. आजींनी फोन घेऊन त्यांना सांगितले, की डॉक्टरांनी एक बाटली ठेवली आहे.

सहा आठवड्यांनी पायांवर सूज नव्हती, उभ्याचा दाब १२८ होता आणि क्रिएटिनिन १.१ आले. टीएसएच ०.२ आला, म्हणजे ७५ चा डोसही जास्त होता. पुन्हा ५० केला, म्हणजे जिथून मी तो वाढवायला सुरुवात केली होती तिथेच. त्यानंतरच्या तपासणीत तो २.६ आला. सकाळच्या चहाबरोबर आता दोनच गोळ्या असतात, रक्तदाबाच्या.

बोटांचे मात्र सावकाश आहे. सिनारिझिनने आलेला ताठरपणा जायला आठवडे ते कित्येक महिने लागतात, क्वचित तो पूर्ण जातही नाही, आणि अशा वेळी खरा पार्किन्सन आधीपासून दबून होता का, हे पुढे पाहत राहावे लागते. चार महिन्यांनी आजी आल्या, तेव्हा मनगट बरेच मोकळे झाले होते. देवासमोर लावायच्या वाती आता पुन्हा स्वतः वळते, पण पूर्वीसारख्या एकसारख्या होत नाहीत, एक जाड आणि एक बारीक येते, असे त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात येताना चार वाती घेऊन या, असे मी त्यांना सांगितले आहे.