बीएफआर नोंदवही: 15 किलोचं लेग एक्स्टेंशन, आठवडे 1 ते 4

बीएफआर म्हणजे हात किंवा पायाला हवेचा पट्टा, म्हणजे कफ, बांधून रक्तप्रवाह मर्यादित ठेवायचा आणि हलक्या वजनाने व्यायाम करायचा. लेग एक्स्टेंशनचा वन-रेप मॅक्स 60 किलो, म्हणून वजन त्याच्या 25 टक्के, म्हणजे 15 किलो. आठवड्यातून दोन सत्रं. कफ मांडीवर अगदी वर, जांघेलगत. रेप्स 30-15-15-15, मध्ये 30 सेकंद विश्रांती. त्या वेळातही कफ फुगलेलाच. शेवटच्या सेटनंतर लगेच हवा सोडायची.

दाब ठरवायला व्यायामाच्याच बसण्यात, आतल्या घोट्यामागची नाडी डॉप्लरने ऐकत कफ फुगवला. आवाज 180 मिलिमीटर पाऱ्याला थांबला. त्याचे 60 टक्के म्हणजे 108, तो 110 धरला. इतक्या दाबात धमनीतून रक्त कमी प्रमाणात का होईना येत राहतं, शिरेतून परत जाणं मात्र बरंच अडतं. हा आकडा त्याच कफापुरता. रुंद कफ कमी दाबातच धमनी बंद करतो, अरुंद कफाला जास्त दाब लागतो. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

आठवडा 1: 30, 15, 11, 8. तिसऱ्या सेटपासून जळजळ. अपेक्षित तेच आहे. ऑक्सिजन कमी पडतो, हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट साचतात, हलक्या वजनाला पुरेसे असलेले छोटे तंतू लवकर दमतात आणि एरवी जड वजनाला लागणारे मोठे तंतू कामाला लागतात. वाढीचं मुख्य कारण हेच दिसतं. पेशींना येणाऱ्या सुजेचाही वाटा असावा, पण त्याचा पुरावा तितका पक्का नाही. 15 किलोवर कफाशिवाय दमेपर्यंत गेलं तरी स्नायू वाढतो, फक्त रेप्स बऱ्याच जास्त लागतात.

आठवडा 2: 30, 15, 14, 11.

आठवडा 3: पहिल्याच सत्रात 75 पूर्ण, तेही आरामात. प्रगती वाटली, पण कफ चार बोटं खाली सरकला होता आणि सैल पडला होता. पातळ शॉर्ट्सवर घट्ट बसवून पुढच्या सत्रात 30, 15, 15, 12. हा आकडा खरा.

पायाचा रंग दर सेटनंतर बघायचा. लालसर-जांभळा चालतो. पांढराफटक आणि गार पडला तर धमनी अडली आहे. मुंग्या किंवा बधिरपणा आला की सेट अर्धवट सोडून हवा काढायची. नस दबते आहे. पायात पूर्वी रक्ताची गाठ झालेली, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आठवडा 4: 75 पूर्ण, शेवटचे पाच रेप्स रखडत. पुढच्या सत्राला 17.5 किलो, दाब तोच. जड स्क्वॉटचा एक दिवस ठेवलाच आहे, कारण आकारात बीएफआर जड वजनाच्या जवळपास पोचत असलं तरी ताकदीत मागे राहतं. मांडीचं माप सत्रानंतर घेतलं तर फुगवटाच मोजला जातो. म्हणून दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, सकाळी, टेपने.